‘टेन्शन नको घेऊ’ या उत्तरातून नेमकं काय कळतं?

रात्री तुम्ही मित्राला व्हॉट्सॲपवर लिहिता, “तीन आठवडे नीट झोप नाही. ऑफिसला निघताना पोटात गोळा येतो. नोकरी झेपत नाहीये बहुतेक.” उत्तर येतं, “अरे टेन्शन नको घेऊ, होईल सगळं. रविवारी क्रिकेटला येतोयस ना?” मन खट्टू होतं. ‘याला माझं काही पडलेलं नाही’ असंच वाटतं. पण एवढा मोठा निष्कर्ष त्या दोन ओळींतून निघत नाही.

हॅरी रीस आणि फिलिप शेव्हर या मानसशास्त्रज्ञांनी १९८८ मध्ये जवळिकीचं एक प्रारूप मांडलं. मन मोकळं केल्यावर जवळीक वाढेल की नाही, हे समोरच्याच्या प्रतिसादात आपल्याला तीन गोष्टी जाणवतात का, यावर ठरतं : त्याला आपलं म्हणणं समजलं, आपलं वाटणं त्याला रास्त वाटलं आणि त्याला आपली काळजी आहे. या तिन्ही सुट्यासुट्या तपासाव्या लागतात.

वरच्या उत्तराला हेच लावून बघा. झोप, पोटातला गोळा, नोकरी यांपैकी एकाही गोष्टीचा त्यात उल्लेख नाही, म्हणजे समजल्याची खूण नाही. ‘टेन्शन नको घेऊ’ने तुमचं वाटणंच अनावश्यक ठरवलं, आणि खरा सल बहुधा तिथेच आहे. क्रिकेटचं बोलावणं मात्र विषय बदलत असलं तरी तुम्हाला सोबत घेणारं आहे. काळजी असावी, पण ती तुमच्या दुखण्यापर्यंत पोचलेली नाही.

न पोचण्याचं एक कारण तुमच्या मजकुरातही असू शकतं. जस्टिन क्रूगर आणि सहकाऱ्यांच्या २००५ च्या प्रयोगात लोकांनी काही वाक्यं गंभीरपणे, काही उपरोधाने ईमेलवर पाठवली. वाचणारा आपला सूर सुमारे ७८ टक्के वेळा ओळखेल, असा त्यांचा अंदाज होता; प्रत्यक्षात तो ५६ टक्के वेळाच ओळखला गेला. नाणं उडवूनही ५० टक्के जमलंच असतं. तुमचं ‘झेपत नाहीये बहुतेक’ त्याने रोजची कुरकुर म्हणून वाचलं असेल.

म्हणून दुसऱ्यांदा सांगा, शक्यतो फोनवर, आणि काय हवंय तेही बोला : “हे मी मजेत लिहिलं नव्हतं. उपाय नकोय, दहा मिनिटं फक्त ऐकशील?” दुसरं उत्तर पहिल्यापेक्षा बरंच जास्त सांगतं, कारण आता गैरसमजाला फारशी जागा उरत नाही. “अरे, मला कळलंच नाही, कधीपासून होतंय?” असा प्रश्न आला, तर पहिल्या उत्तराला फार किंमत देऊ नका. “आत्ता जमत नाही, उद्या बोलू” म्हणाला, तर उद्या तो स्वतःहून विषय काढतो का, ते बघा. पुन्हा “तू उगाच मनाला लावून घेतोस” आलं आणि इतर वेळीही असंच घडत असेल, तर अशा गोष्टी ऐकून घेणारं माणूस हे नाही, असं मानायला आधार आहे. क्रिकेटची दोस्ती त्याने खोटी ठरत नाही.

जगणंच नकोसं झाल्याचे विचार येत असतील, तर मात्र दुसऱ्या उत्तराची वाट बघत बसू नका. जवळच्या दुसऱ्या माणसाला लगेच सांगा, किंवा टेली-मानसच्या १४४१६ या मोफत सरकारी क्रमांकावर फोन करा.