मार्गारीन : दूध, व्हीगनपण आणि ट्रान्स मेद (कोकण किनारा)

मार्गारीन म्हणजे खाद्य तेल व मेद यांत पाण्याचे अतिसूक्ष्म थेंब कालवून, थंड करून लोण्यासारखा केलेला पदार्थ. अलिबाग ते वेंगुर्ले या पट्ट्यातील बेकऱ्यांत खारी, पफ, नानकटाई व केक यांसाठी तो वापरतात. पावाला लावायलाही घेतात. बोलताना मात्र त्याला ‘बटर’ किंवा ‘डालडा’ म्हटले जाते, आणि पुढचा बराचसा घोटाळा या नावांतूनच होतो. डालडा हे वनस्पती तूप. त्यात जवळपास सगळा मेदच असतो. भारतीय नियमांप्रमाणे टेबल मार्गारिनात मेद किमान ८० टक्के आणि पाणी १२ ते १६ टक्के असते. चहात बुडवून खायच्या कडक गोल ‘बटर’चा तर दोहोंशी नावापुरताच संबंध आहे.

नावाच्या व्युत्पत्तीविषयी मतभेद आहेत. ग्रीक भाषेत मोत्याला ‘मार्गारितेस’ म्हणतात, आणि पदार्थाच्या मोतिया झाकेवरून हे नाव पडले असे सर्रास लिहिले जाते. ते अर्धेच खरे दिसते. फ्रेंच रसायनज्ञ शव्रल यांनी १८१३ च्या सुमारास मेदातून वेगळ्या केलेल्या एका मोतिया स्फटिकी आम्लाला ‘मार्गारिक’ हे नाव दिले होते. पुढे ते एकच आम्ल नसून पामिटिक व स्टिअरिक आम्लांचे मिश्रण असल्याचे सिद्ध झाले, पण नाव राहिले. पदार्थाचे नाव या आम्लावरून आले हे मत अधिक ग्राह्य वाटते.

पदार्थाचा उगम मात्र मुळीच शाकाहारी नाही. तिसऱ्या नेपोलियनच्या काळात लोण्याला स्वस्त पर्याय शोधला जात असताना इपोलित मेज-मुरिएस यांनी १८६९ मध्ये त्याचे पेटंट घेतले. गाईची चरबी मंद तापवून दाबायची आणि निघालेला मऊ भाग दुधाबरोबर घुसळायचा, अशी त्यांची कृती होती. गाईच्या कासेचा अर्कही त्यात वापरला जाई, असे सांगितले जाते. म्हणजे मूळ मार्गारिनात चरबीही होती आणि दूधही. विसाव्या शतकात चरबीची जागा वनस्पती तेलांनी घेतली. दुधाची सवय मात्र पूर्ण सुटली नाही.

भारतीय नियमांत टेबल मार्गारीन प्राण्यांच्या शरीरातील चरबीपासून मुक्त असावे लागते, पण त्यात २ टक्क्यांपर्यंत मलईरहित दुधाची पूड घालण्यास परवानगी आहे. म्हणून ‘मार्गारीन व्हीगन, म्हणजे दुधासह सर्व प्राणिज घटकांपासून मुक्त, आहे का?’ या प्रश्नाचे उत्तर पदार्थाच्या नावात सापडत नाही, त्या-त्या पाकिटावर सापडते. हिरवा ठिपका इथे कामाचा नाही, कारण दूध असलेल्या पदार्थावरही तो लागतो. ‘व्हेजिटेबल फॅट’ हे शब्दही फक्त मेदाविषयी बोलतात, बाकीच्या घटकांविषयी नाही.

दोन टक्के म्हणजे किती? १०० ग्रॅम मार्गारिनात २ ग्रॅम पूड धरली, तर तिच्यात सुमारे १ ग्रॅम दुग्धशर्करा आणि पाऊण ग्रॅमच्या आतबाहेर दुधाचे प्रथिन येते. पावाच्या दोन तुकड्यांना १० ग्रॅम मार्गारीन लावले, तर पोटात सुमारे ७० मिलिग्रॅम प्रथिन जाते. दुग्धशर्करा न पचणाऱ्या बहुतेकांना एवढ्याने काही होत नाही. दुधाची ॲलर्जी असलेल्या मुलाला मात्र एवढेही पुरू शकते, आणि ‘यात दूध नाही, मार्गारीन आहे’ हे दुकानातले आश्वासन त्या घराला फार महाग पडू शकते. ॲलर्जीकारक घटक पाकिटावर वेगळे जाहीर करणे बंधनकारक आहे. तेथे ‘दूध’ किंवा ‘मिल्क’ शोधावे. घटकांच्या यादीत दूध पूड, व्हे, केसीन, केसिनेट यांपैकी काही असेल तर ते दूधच.

दुधाखेरीज दोन घटक संशयाचे. ४७१ हा पायसीकारक, म्हणजे तेल-पाणी एकजीव ठेवणारा पदार्थ, वनस्पती किंवा प्राणिज अशा दोन्ही मेदांपासून बनतो. जीवनसत्त्व डी ३ बहुधा मेंढीच्या लोकरीतील मेदापासून काढतात. डी २ बुरशीजन्य असते. २०२२ च्या व्हीगन अन्न नियमांनी ठरवलेले हिरव्या ‘व्ही’चे चिन्ह असेल, तर हा शोध घ्यावा लागत नाही.

ट्रान्स मेदाचा प्रश्न दुधापासून पूर्ण वेगळा आहे. व्हीगन मार्गारीनही पूर्वी ट्रान्स मेदाने भरलेले असू शकत होते. १९०२ च्या सुमारास विल्हेल्म नॉर्मान यांनी द्रव तेलात निकेलच्या साहाय्याने हायड्रोजन भरून ते घट्ट करण्याची रीत काढली. ही क्रिया शेवटापर्यंत नेली तर मेद फार कडक होतो, पण ट्रान्स मेद जवळपास उरत नाही. मध्येच थांबवली तर मेद हवा तसा मऊ राहतो, मात्र उरलेल्या काही रेणूंचा बाक सरळ होतो; तोच ट्रान्स मेद. ओलेइक आम्ल सुमारे १३ अंशांना वितळते. त्याचाच सरळ झालेला जोडीदार इलैडिक आम्ल सुमारे ४५ अंशांना. कारखान्याला हा घट्टपणा सोयीचा होता. शरीरात मात्र ट्रान्स मेद वाईट कोलेस्टेरॉल वाढवतो, चांगले कमी करतो आणि हृदयविकाराचा धोका वाढवतो.

कोकणात या घट्टपणाला खास कारण होते. खारीच्या पिठाच्या घडीत मार्गारिनाची लादी घालून लाटतात, दुमडतात, पुन्हा लाटतात. मे महिन्यात दमट उकाड्यात मेद वितळून पिठात जिरला, तर पापुद्रे सुटत नाहीत; खारी चपटी, तेलकट आणि चिवट होते. त्यामुळे बेकरीत उशिरा वितळणारे, खास पफसाठीचे मार्गारीन लागते, आणि पूर्वी ते अर्धवट हायड्रोजनीकरणातून मिळे.

खारीच्या १०० ग्रॅमच्या पुड्यात ३० ग्रॅम मेद धरू. त्यात १० टक्के ट्रान्स मेद असेल, तर त्या पुड्यात तो ३ ग्रॅम होतो. जागतिक आरोग्य संघटनेने सुचवलेली दिवसाची कमाल मर्यादा, २००० कॅलरींच्या आहाराला, सुमारे २.२ ग्रॅम आहे. भारतात कायद्याची मर्यादा दिवसावर नव्हे, मेदातील प्रमाणावर आहे: ती २०२१ पासून एकूण मेदाच्या ३ टक्के आणि १ जानेवारी २०२२ पासून २ टक्के झाली. त्याच पुड्यात आता कायद्याने ०.६ ग्रॅमपेक्षा जास्त असता कामा नये. घट्टपणा आता पाम तेलाचे घट्ट अंश आणि मेदाम्लांची अदलाबदल यांतून आणतात. ट्रान्स मेद गेला तरी संपृक्त मेद राहतो, हे विसरू नये.

सुट्या खारीवर लेबल नसते. अशा वेळी बेकरीवाल्याला मार्गारिनाचा खोका दाखवायला सांगणे हाच खरा उपाय. घरी चमचाभर मार्गारीन मंद आचेवर तापवले तर पाणी तडतडून जाते, आणि दूध असल्यास तळाशी तुपाच्या बेरीसारखे तपकिरी कण धरतात. कण न दिसले म्हणून दूध नाही असे मात्र ठरत नाही. ट्रान्स मेद डोळ्यांना, जिभेला कळत नाही. त्याला प्रयोगशाळेत मेदाम्ले वेगवेगळी करून मोजणारे वायुवर्णलेखनच लागते. नियमाप्रमाणे मार्गारिनात घातलेल्या तिळाच्या तेलाची बोदुआँ चाचणी लाल रंग देते, पण ती मार्गारिनाची लोण्यातील भेसळ पकडण्यासाठी आहे.

हायड्रोजनीकरणाशिवाय घट्ट राहणारा वनस्पती मेद किनाऱ्यावर आधीपासूनच आहे. कोकमाच्या बिया वाळवून, कुटून पाण्यात उकळतात, वर आलेला मेद काढून हाताने मुठीसारखे गोळे वळतात. तेच भिरंडेल किंवा मुठेल. त्यात स्टिअरिक व ओलेइक आम्ले प्रमुख असतात आणि ते सुमारे ४० अंशांपर्यंत घट्ट राहते. घरोघर ते आज टाचांच्या भेगांनाच अधिक लावले जाते.