मॉनिटरचं कलर टेंपरेचर आणि नाइट लाइट: दोन्ही पिवळं करतात, पण काम वेगळं

मॉनिटरच्या मेन्यूत वॉर्म, नॉर्मल, कूल किंवा ५०००, ६५००, ९३०० केल्विन असे पर्याय असतात. विंडोजमध्ये Settings > System > Display > Night light इथे एक स्लायडर असतो. दोन्हींनी पडदा पिवळसर होतो, म्हणून बरेच जण त्यांना एकच गोष्ट समजतात आणि जे आधी सापडेल ते फिरवतात. रंगांचा घोळ तिथूनच सुरू होतो.

मॉनिटरमधली सेटिंग ‘या पडद्यावर पांढरा म्हणजे नेमका कोणता पांढरा’ हे ठरवते. वेबवरचे जवळपास सगळे फोटो sRGB या मानकात असतात आणि त्यात पांढऱ्याची जागा डी६५, म्हणजे साधारण ६५०० केल्विन, अशी ठरलेली आहे. केल्विन कमी तितका पांढरा पिवळट, जास्त तितका निळसर. मॉनिटर ६५००वर असेल तर तुम्हाला दिसणारा पांढरा आणि समोरच्याच्या पडद्यावरचा पांढरा निदान एकाच गावचे असतात. छपाईच्या कामात डी५० म्हणजे ५००० केल्विनच्या उजेडात प्रूफ तपासतात, त्यामुळे त्या लोकांनी मॉनिटर ५०००वर ठेवला तर त्याला कारण आहे. डोळ्यांना बरं वाटतं म्हणून तो तिथे नेणं हे वेगळं.

नाइट लाइट मॉनिटरला हातही लावत नाही. ग्राफिक्स कार्डातून चित्र बाहेर पडताना निळा आणि हिरवा कमी करून पाठवायचे, एवढंच ते करतं. पांढऱ्यातला प्रत्येक रंग ० ते २५५ या मापात मोजला, तर साधारण ३५०० केल्विनच्या सेटिंगला लाल २५५ तसाच राहतो, हिरवा १९०च्या आसपास येतो आणि निळा १४०च्या आसपास, म्हणजे जवळजवळ निम्म्यावर. विंडोजच्या स्लायडरवर केल्विन लिहिलेलेच नसतात, नुसती ० ते १०० अशी तीव्रता असते. त्यामुळे ‘मॉनिटरचे ५००० आणि नाइट लाइटचे ५०’ अशी तुलना करता येत नाही.

हा बदल चित्र तयार झाल्यानंतर होत असल्यामुळे स्क्रीनशॉटमध्ये पिवळेपणा येत नाही. मॉनिटरच्या मेन्यूतला बदलही येत नाही. म्हणून ‘स्क्रीनशॉट बघ, माझ्याकडे रंग बरोबर आहेत’ हा पुरावा बिनकामाचा.

आता एक उदाहरण. समजा, कुणी घरून साड्या विकतं आणि फोटो रात्री एडिट करतं. गडद नेव्ही ब्लू साडी आहे, फोटोत तिचा रंग लाल २०, हिरवा २४, निळा ८०. नाइट लाइट चालू असताना पडद्यावर पोचतात साधारण २०, १८, ४४. साडीला नेव्ही ब्लू बनवणारा निळाच निम्म्यावर आल्यामुळे ती काळ्या चंद्रकळेसारखी दिसायला लागते. साहजिकच निळा वाढवला जातो, समजा १२०पर्यंत. आपल्या पडद्यावर आता ती नेव्ही ब्लू वाटते, पण दुपारी ग्राहकाच्या मोबाइलवर चक्क चटक निळी. पार्सल उघडल्यावर आतली साडी काळपट निघते आणि ती परत येते.

गंमत म्हणजे त्याच फोटोतली क्रीम रंगाची साडी फारशी बिघडलेली वाटत नाही. डोळा पांढऱ्याशी जुळवून घेतो. काही मिनिटांत पिवळट पडदाच पांढरा वाटू लागतो आणि क्रीम क्रीमच दिसतं. गडद निळा-काळा, जांभळा-तपकिरी अशा जोड्यांतला फरक मात्र डोळ्याने जुळवून घेतला तरी परत येत नाही, कारण तो पडद्यावर पोचलेलाच नसतो. म्हणून ‘मला सवय झाली आहे, मी अंदाजाने रंग धरतो’ या म्हणण्यावर माझा विश्वास नाही.

मॉनिटर वॉर्मवर ठेवला तरी हाच घोळ होतो, फक्त तो रात्रीपुरता नसून दिवसभर चालतो. मॉनिटर कलरिमीटर या रंग मोजणाऱ्या यंत्राने कॅलिब्रेट केलेला असेल तर आणखी एक अडचण: प्रोफाइल, म्हणजे मॉनिटर रंग कसे दाखवतो याची फाइल, त्या वेळच्या सेटिंगचं असतं. मेन्यूतलं टेंपरेचर किंवा ब्राइटनेस नंतर बदलला की ते प्रोफाइल दुसऱ्याच मॉनिटरचं असल्यासारखं होतं. विंडोजवर आणखी एक बघायला लागतं. कॅलिब्रेशनची दुरुस्ती आणि नाइट लाइट ग्राफिक्स कार्डातली एकच जागा वापरतात. नाइट लाइट बंद झाल्यावर कधी कधी कॅलिब्रेशन परत चढत नाही. करडा रंग हिरवट किंवा गुलाबी दिसू लागला तर आधी हेच तपासावं.

मग डोळ्यांचं काय? पडद्याच्या निळ्या प्रकाशाने डोळ्यांना इजा होते याला पुरावा नाही, असं अमेरिकन अकॅडमी ऑफ ऑप्थॅल्मॉलॉजी ही नेत्रतज्ज्ञांची संस्था सांगते. पडद्याकडे बघताना पापण्या कमी मिटतात, डोळे कोरडे पडतात, एकाच अंतरावर नजर खिळून राहते, आणि थकवा येतो तो यामुळे. रात्रीचा तीव्र, निळसर प्रकाश झोपेच्या घड्याळावर परिणाम करतो हे खरं. पण त्यात रंगाइतकाच प्रकाशाच्या प्रमाणाचा वाटा आहे. भगभगीत पडदा पिवळा केला तरी तो भगभगीतच राहतो.

म्हणून डोळ्यांच्या सोयीसाठी पहिलं बटण ब्राइटनेसचं. नवा मॉनिटर बहुतेकदा खोलीच्या मानाने फार तेजस्वी असतो. पडद्यावर कोरं पांढरं पान उघडा, शेजारी एक पांढरा कागद धरा. पडदा दिव्यासारखा उजळ दिसत असेल तर कागदाच्या जवळ येईपर्यंत ब्राइटनेस उतरवा. फोटोच्या कामासाठी सर्रास धरतात ते प्रमाण सुमारे १०० ते १२० कँडेला प्रति चौरस मीटर, आणि बऱ्याच मॉनिटरांवर ते निम्म्याहून खालच्या ब्राइटनेसलाच मिळतं.

खोलीचा दिवाही बघा. आपल्याकडे बहुतेक घरांत ६५०० केल्विनचे कूल डेलाइट एलईडी असतात (खोक्यावर लिहिलेलं असतं). त्या उजेडात ६५००चा मॉनिटर कागदाशी बऱ्यापैकी जुळतो. दिवाणखान्यात हौसेने ३००० केल्विनचे पिवळे दिवे लावले की तोच मॉनिटर एकदम निळा वाटतो, आणि लोक मॉनिटरला दोष देऊन वॉर्म करतात. रंगाचं काम असेल तेवढा वेळ दिवाच बदलावा.

माझ्या मते मांडणी अशी असावी: मॉनिटर ६५०० केल्विन किंवा sRGB मोडवर एकदा लावायचा आणि विसरायचा. मेन्यूतला ‘लो ब्लू लाइट’ किंवा ‘आय केअर’ मोड बंद, कारण तो चालू आहे हे आठवणीत राहत नाही आणि त्यावर नाइट लाइट चढलं तर दुप्पट पिवळं होतं. पिवळेपणाची हौस फक्त नाइट लाइटने, वेळ ठरवून पुरवायची. लिहिणं, वाचणं, हिशेब याला ते खुशाल चालू द्या. फोटो उघडायच्या आधी बंद करा आणि लगेच रंगांना हात लावू नका: डोळा पिवळ्याला सरावलेला असतो, पडदा काही मिनिटं निळा दिसतो, आणि त्या घाईत केलेली दुरुस्ती उलट्या बाजूला जाते. नाइट लाइटऐवजी एफलक्स हे तसंच काम करणारं सॉफ्टवेअर वापरत असाल तर एडिटिंगचं सॉफ्टवेअर पुढे असताना ते आपोआप बंद राहील अशी सोय त्यात आहे.

आणि मॉनिटरवर ६५०० लिहिलंय म्हणजे ते नेमके ६५००च असतील असंही नाही. एकाच आकड्यावर लावलेले दोन मॉनिटर शेजारी ठेवले की फरक दिसतो. पैसे घेऊन रंगांचं काम करत असाल तर कलरिमीटर हवा. साड्यांसाठी तेवढं नसेल, तर दिवसा खिडकीजवळ साडी हातात घेऊन फोटो दोन-तीन वेगवेगळ्या मोबाइलवर बघा, त्यांचेही नाइट मोड बंद करून.