नोटिफिकेशन बंद, तरी फोन हातात कसा?

माझी भाची गेले सात महिने मेडिकलच्या मोठ्या परीक्षेची तयारी करते आहे. मध्यंतरी वैतागून म्हणाली, "मामा, नोटिफिकेशन सगळ्या बंद करून टाकल्यात. तरी दर थोड्या वेळाने फोन माझ्या हातात असतो. येतो कुठून तेच कळत नाही."

तिची शंका रास्त होती. फोन वाजतो म्हणून लक्ष उडतं, असं आपण धरून चालतो. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या मॅक्सी हाइटमायर आणि सादी लालू यांनी 37 जणांना चष्म्यावर बसवलेले छोटे कॅमेरे देऊन त्यांचा रोजचा फोनवापर टिपला आणि 2021 साली निष्कर्ष मांडले. फोन हातात घेण्याच्या दर शंभर वेळांपैकी जवळपास 89 वेळा फोन वाजलाच नव्हता, माणसाने तो आपणहून उचलला होता. म्हणजे नोटिफिकेशन बंद करून सुटतो तो प्रश्नाचा नववा-दहावा हिस्सा. ते करावंच, पण खरी चोरवाट दुसरीकडे आहे.

ती शोधायला मी तिला एक काम सांगितलं. तीन दिवस फोनवर कसलंही बंधन घालायचं नाही. फक्त वहीच्या मागच्या पानावर, फोन उचलला की वेळ आणि त्या क्षणी काय वाचत होतीस ते लिहायचं. ॲपमध्ये नाही, पेनानेच, कारण नोंद करायलाही फोन उघडला तर संपलंच. तिसऱ्या दिवशी ते पान बघून ती स्वतःच हसली. शरीररचना वाचताना फोन जवळजवळ नाही. रक्तातले क्षार आणि आम्ल-अल्कलीचे प्रश्न आले की दर पाचसात मिनिटांनी. प्रश्नसंचात उत्तर चुकलं की लगेच. चाळीस प्रश्नांचा गट जमा करून गुण दिसायच्या आधीसुद्धा. हात फोनकडे जात होता तो जिथे जीव अडकत होता तिथे. कंटाळ्याचा त्यात फारसा भाग नव्हता. अडलेल्या जागेची अस्वस्थता फोनमुळे दोन सेकंदांत निवते, आणि ही सुटका इतक्या वेळा मिळते की हाताला ती सवयच लागते. बरं, उघडल्यावर काहीतरी मजेदार दिसेलच असंही नाही. कधी दिसतं, कधी नाही. मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी प्राण्यांवरच्या प्रयोगांत दाखवलं होतं की असं बेभरवशाचं बक्षीसच सवय सर्वात चिवट करतं.

पण दोन मिनिटांच्या फोनने असं काय बिघडतं? तिच्या वहीतलाच एक प्रश्न घेऊ. साठीचा धूम्रपान करणारा रुग्ण, छातीच्या एक्सरेत गाठ, थोडा गोंधळलेला, रक्तातलं सोडियम 118, म्हणजे फारच कमी. हा प्रश्न पाठांतराने सुटत नाही, पायऱ्या चढाव्या लागतात. आधी रक्त खरंच पातळ झालंय का ते बघायचं. मग शरीरात पाणी कमी आहे, जास्त आहे की बेताचं, ते रुग्णाच्या वर्णनावरून ठरवायचं. मग लघवी दाट आहे का आणि तिच्यात सोडियम किती. इथे रक्त पातळ, शरीरातलं पाणी बेताचं, लघवी मात्र दाट आणि तिच्यात सोडियम भरपूर. थायरॉइड आणि अधिवृक्क ग्रंथी ठीक असतील तर निष्कर्ष असा की पाणी धरून ठेवणारं संप्रेरक नको तितकं सुटतंय, बहुधा त्या गाठीतून. भाची दुसऱ्या पायरीवर होती तेव्हा तिने फोन उचलला. परत आली ती थेट लघवीच्या सोडियमवर. शरीरातल्या पाण्याचं ठरवायचं राहिलं, ते कमीच असणार असं मनाने धरलं, आणि तिने साध्या सलाइनचा पर्याय निवडला. या आजारात नेमकं तेच सोडियम आणखी खाली नेऊ शकतं.

आपण वाचलेलं विसरलो, असं तिला वाटलं. पण विसरली ती फक्त जागा. एरिक ऑल्टमन आणि सहकाऱ्यांनी 2014 साली अशाच क्रमाने करायच्या कामात मध्येच जेमतेम तीन सेकंदांचा व्यत्यय आणून पाहिला. पायरी चुकण्याचं प्रमाण दुप्पट झालं, साडेचार सेकंदांच्या आसपास ते तिप्पट झालं. गंमत अशी की आपण चुकीच्या पायरीवर परतलोय हे त्या वेळी जाणवत नाही. म्हणून चुकलेल्या उत्तरासमोर 'माहीत नव्हतं' आणि 'पायरी गळाली' असा वेगळा शेरा लिहावा. दुसरा शेरा ठरावीक वेळांनाच वाढताना दिसला तर त्या वेळांच्या फोनच्या नोंदी शेजारी ठेवून बघाव्यात.

मग उपाय? फोन दुसऱ्या खोलीत, हा पहिला, आणि तो चालतो. फोन नुसता टेबलावर असला तरी बुद्धी मंदावते, असा एक निष्कर्ष 2017 साली गाजला होता, पण पुढच्या काही प्रयोगांत तो परिणाम दिसला नाही. त्यामुळे फोनच्या सावलीला घाबरायचं कारण नाही. लांब ठेवायचा तो एवढ्यासाठी की हाताची सवय अर्धवट शुद्धीत काम करते, आणि उठून चालत जावं लागलं की माणूस शुद्धीवर येतो. प्रश्नसंच लॅपटॉपवर सोडवायचा. घरच्यांचे फोन येऊ शकतात म्हणून निवडक नंबर सोडून बाकी सारं मूक ठेवायचं.

अडलेल्या क्षणासाठी मात्र वेगळी तजवीज लागते, कारण अस्वस्थता खोलीबाहेर ठेवता येत नाही. मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांचं 'असं झालं तर तसं करीन' हे सूत्र इथे कामी येतं. 'मी फोन कमी वापरीन' या निश्चयात कधी आणि काय करायचं ते नसतं, म्हणून तो टिकत नाही. भाचीने लिहिलं: 'हात थांबला तर कुठे अडलं ते चार शब्दांत समासात लिहीन.' त्या दिवशी समासात होतं, 'पाणी कमी की बेताचं?' यात दुहेरी फायदा आहे. हाताला काम मिळतं, आणि तरीही उठलीच, तर परत यायची जागा कागदावर असते.

मधल्या सुट्टीतही तिचा फोन असायचा, आणि तो मला जास्त खटकला. मायकेला डेवर आणि सहकाऱ्यांनी 2012 साली वयस्कर लोकांना छोट्या गोष्टी ऐकवल्या. एका गोष्टीनंतर दहा मिनिटं अंधाऱ्या खोलीत नुसतं बसवलं, दुसरीनंतर चित्रांतला फरक ओळखायचा खेळ दिला. स्वस्थ बसण्याआधीची गोष्ट सात दिवसांनीही जास्त आठवत होती. नवं वाचलेलं बसायला थोडी सामसूम लागते असं दिसतं. म्हणून गट संपला की पहिली दहा मिनिटं खिडकीशी, फोन त्यानंतर.

दोन आठवड्यांनी तिचा स्क्रीनवरचा वेळ निम्म्यावर आला होता, पण फोन उघडण्याचा आकडा जागचा हलला नव्हता. खोदून विचारल्यावर कळलं, रील्स गेल्या होत्या आणि त्यांच्या जागी पहिल्या आलेल्यांच्या मुलाखती आणि कटऑफच्या चर्चा आल्या होत्या, तेही फोन आणून. "पण मामा, ते अभ्यासाचंच आहे ना!" मी वहीचं मागचं पान मागितलं. नोंदी पुन्हा क्षारांच्या प्रश्नांपाशीच होत्या.