नवा डोंगल, जुना हेडफोन: ब्लूटूथचा आकडा वाढला की काय बदलतं?

ब्लूटूथ डोंगल नेलेले ग्राहक पुन्हा येतात तेव्हा तक्रार बहुधा एकच असते: "खोक्यावर ५.३ लिहिलंय, पण हेडफोनचा आवाज पूर्वी तुटायचा तिथेच तुटतो." तपासलं तर डोंगल ठणठणीत निघतो. हेडफोन जुना असतो, आणि बदललेली असते फक्त एकच बाजू.

जोडणी होताना दोन्ही यंत्रं एकमेकांना आपल्याला काय काय जमतं ते कळवतात आणि दोघांनाही जमणारं तेवढंच वापरतात. त्यामुळे ४.१ चा हेडफोन ५.३ च्या डोंगलला बिनबोभाट जोडला जातो, पण त्या जोडीचं काम हेडफोनच्या कुवतीनेच चालतं.

दुसरी गोष्ट खोक्यावर सहसा लिहिलेली नसते. ब्लूटूथमध्ये दोन वेगळ्या पद्धती आहेत. एक जुनी, क्लासिक. नेहमीचे हेडफोन, स्पीकर आणि फायली पाठवणं तिच्यावर चालतं. दुसरी लो एनर्जी, जी २०१० मध्ये ४.० सोबत आली. फिटनेस बँड, सेन्सर आणि अनेक नवे माउस-कीबोर्ड ती वापरतात. २०१६ च्या ५.० ने जे 'दुप्पट वेग, चौपट अंतर' दिलं, ते या दुसऱ्या पद्धतीला. तेही एकाच वेळी मिळत नाही: लांब पल्ला हवा तर वेग बराच खाली आणावा लागतो. शिवाय या सोयी ऐच्छिक आहेत, म्हणजे ५.० लिहिलेल्या यंत्रात त्या असतीलच असं नाही.

वेगाचं उदाहरण घ्या. फोनमधून लॅपटॉपवर १०० एमबीचा व्हिडिओ ब्लूटूथने पाठवला, तर सगळं सुरळीत असताना सहा-सात मिनिटं लागतात. क्लासिक पद्धतीची कमाल मर्यादा सेकंदाला ३ मेगाबिट, प्रत्यक्षात हाती येतात साधारण दोन. ही मर्यादा २००४ पासून तीच आहे. दोन्हीकडे ५.३ असलं तरी वेळ जवळपास तेवढाच लागेल. मोठ्या फायलींसाठी वायफाय किंवा केबल वापरा, असं आम्ही डोंगल विकतानाही सांगतो.

अंतराचं म्हणाल तर संवाद दुतर्फा असतो. डोंगलने कितीही जोरात पाठवलं, तरी 'पोहोचलं' हे उत्तर हेडफोनच्या छोट्याशा अँटेनातून परत यावं लागतं. मध्ये भिंत किंवा माणसाचं शरीर आलं की हा कमजोर सिग्नल आधी दबतो. त्यातही डोंगल कॅबिनेटच्या मागे यूएसबी ३ च्या पोर्टमध्ये खुपसलेला असेल तर जास्तच, कारण त्या पोर्टचा गोंगाट नेमका ब्लूटूथच्याच लहरींच्या पट्ट्यात येतो. म्हणून प्रत्येक डोंगलसोबत आम्ही छोटी एक्स्टेन्शन केबल देतो. ती वापरून डोंगल टेबलावर आणा. जुन्या हेडफोनलाही याचा फायदा होतो, आणि त्याचा आवृत्तीशी काही संबंध नाही.

बॅटरीची मोठी बचत हवी असेल तर ५.२ पासून शक्य झालेला, लो एनर्जी पद्धतीवर चालणारा एलई ऑडिओ बघा. त्यात कमी डेटामध्ये तेवढाच चांगला आवाज जातो. मात्र तो फोन किंवा लॅपटॉप आणि इअरबड, दोन्हीकडे हवा. नुसता ५.२ चा आकडा बघून घेऊ नका, तपशिलात 'एलई ऑडिओ' असं स्पष्ट लिहिलेलं असावं.

तुमच्या लॅपटॉपमध्ये काय आहे ते विंडोजवर असं बघा: Device Manager उघडा, Bluetooth खालच्या अडॅप्टरवर डबल क्लिक करा आणि Advanced मध्ये LMP पुढचा आकडा वाचा. टिंबाआधी ६ असेल तर ४.०, ८ म्हणजे ४.२, ९ म्हणजे ५.०, ११ म्हणजे ५.२, १२ म्हणजे ५.३. तिथे ९ किंवा जास्त असेल आणि हेडफोन जुना असेल, तर डोंगलवर पैसे घालवू नका. लॅपटॉपमध्ये ब्लूटूथच नसेल, किंवा आतली अँटेना कमजोर असेल, तर मात्र डोंगल उपयोगी पडतो.

डोंगल मागितला की आम्ही आधी हेडफोनचं मॉडेल विचारतो, तेव्हा काही जणांना ते टाळाटाळ वाटतं. पण 'अंतर वाढलं नाही' एवढ्या कारणावर उघडलेला डोंगल परत घेता येत नाही, म्हणून हे आधीच बघितलेलं बरं. मॉडेल नंबर कळवलात तर काय बदललं तर फरक पडेल ते आम्ही सांगू, आणि बरेचदा उत्तर 'हेडफोन' असंच असतं.

डोंगल घेतलाच, तर लावण्यापूर्वी Device Manager मध्ये आतलं ब्लूटूथ Disable करा. विंडोज एका वेळी एकच अडॅप्टर चालवतं. दोन्ही चालू राहिले की नवा दिसतो पण काम करत नाही. त्यानंतर हेडफोन यादीतून काढून पुन्हा पेअर करा, कारण जुनी जोडणी आतल्या अडॅप्टरशी झालेली असते.