बूट कुठे वाकतो आणि पाय कुठे वाकतो

ऑफिसात दिवसभर घालायचा चामडी बूट घेताना आपण काय बघतो, तर नंबर, रंग आणि चमक, आणि दुकानात दोन पावलं चालून अंगठा पुढे टेकत नाही ना एवढं बघितलं की झालं. मीही वर्षानुवर्षं तेच केलं. आठ नंबरचा काळा ऑक्सफर्ड घेतला, लांबीला एकदम बरोबर, पण संध्याकाळपर्यंत अंगठ्याच्या बुडाचं हाड आणि करंगळीची बाजू अशी ठणकायची की टेबलाखाली गुपचूप बूट काढून बसायचो. म्हटलं बूट अरुंद आहे, मग त्याच नंबरात जास्त रुंदीचा घेतला. चवडा सुटला खरा पण टाच मागून निसटायला लागली आणि उतरणीवर पाय पुढे घसरून बोटं आपटायला लागली. दोन जोड झाले आणि दोन्ही चूक. चूक रुंदीची नव्हतीच, ती कशाची होती ते कळायला बूट बनतो कसा ते बघावं लागलं.

पाय चालताना एकाच ठिकाणी खऱ्या अर्थाने वाकतो, बोटं जिथे चवड्याला जोडली जातात तिथे. अंगठ्याच्या बुडाशी आतल्या बाजूला एक उंचवटा असतो, करंगळीच्या बुडाशी बाहेरच्या बाजूला दुसरा, आणि करंगळीवाला थोडा मागे असतो म्हणून ही रेघ तिरकी पडते. पायाचा सगळ्यात रुंद भागही हाच. बुटाचंही तसंच आहे, त्याचीही एक रुंद जागा असते आणि वाकायची जागा असते, आणि ती लास्टने ठरवलेली असते. लास्ट म्हणजे ज्या पायाच्या आकाराच्या ठोकळ्यावर चामडं ताणून बूट बनवतात तो, जुन्या मराठीत कलबूत. पूर्वी तो लाकडाचा असायचा, आता कारखान्यात बहुतेक प्लास्टिकचा असतो. आपण बुटाचा शेप म्हणतो तो खरं तर कलबुताचा शेप.

आता गंमत अशी की नंबर सांगतो फक्त लांबी. ब्रिटिश नंबरात एका नंबराचा फरक पाव नाही, अर्धा नाही, एक तृतीयांश इंच, म्हणजे साधारण 8.5 मिमी. आठ नंबरचं कलबूत लांबीला 11 इंच, म्हणजे सुमारे 279 मिमी, आणि त्यात पायापुढे सोडलेली मोकळी जागा धरलेली असते. पण टाचेपासून त्या वाकायच्या रेघेपर्यंत किती अंतर, हे नंबर सांगतच नाही. सरासरी पायात हे अंतर पूर्ण लांबीच्या 72-73 टक्के असतं आणि कलबूत बनवणारा साधारण तेच धरून चालतो. ज्याची बोटं लांबीच्या मानाने आखूड त्याचा चवडा पुढे येतो, ज्याची बोटं लांब त्याचा मागे राहतो, आणि दोघांच्याही पायाची एकूण लांबी सेम असू शकते. दोघांना दुकानात एकच नंबर मिळणार. अमेरिकेत 1920 च्या दशकात चार्ल्स ब्रॅनॉकने पाय मोजायचं जे धातूचं उपकरण काढलं त्यात म्हणूनच टाच ते बोट आणि टाच ते चवडा अशी दोन मापं वेगवेगळी घेतात आणि ज्याचा नंबर मोठा येईल तो धरतात.

मी घरीच मोजलं. संध्याकाळी, कारण दिवसभरात पाय थोडा सुजतो, आणि उभं राहून, कारण वजन पडलं की पाय पसरतो. टाच भिंतीला, खाली कागद, पेन्सिल सरळ उभी धरून सगळ्यात लांब बोटाची आणि अंगठ्याच्या उंचवट्याची खूण. डावा 262 मिमी, उजवा 264. दोन पायांत एवढा फरक अगदी कॉमन आहे, हिशोब मोठ्या पायाचा धरायचा. 264 मध्ये पुढची साधारण 15 मिमी मोकळी जागा धरली की 279, म्हणजे आठ नंबर, दुकानदार चुकला नव्हताच. पण टाच ते चवडा भरलं 197 मिमी. सरासरी हिशोबाने ते 192 च्या आसपास यायला हवं होतं. म्हणजे माझा चवडा बुटाच्या चवड्यापेक्षा 5 मिमी पुढे.

5 मिमी म्हणजे काही नाही असं वाटतं ना. पण त्या 5 मिमीमुळे माझा पाय जिथे सगळ्यात रुंद तिथे बूट निमुळता व्हायला लागलेला असायचा, म्हणून दोन्ही बाजूंनी दाबायचा. शिवाय बुटाच्या नाकात आकार टिकावा म्हणून आत एक कडक थर घातलेला असतो, पाय पुढे वाकल्यामुळे चामड्याच्या चुण्याही पुढे सरकून त्या थराच्या काठाजवळ पडायच्या आणि तो काठ प्रत्येक पावलाला बोटांच्या वर टोचायचा. मी त्याला नवीन बूट चावतोय म्हणत होतो.

एक नंबर वाढवला की लांबी 8.5 मिमी वाढते पण चवड्याची जागा त्याच प्रमाणात, म्हणजे साधारण 6 मिमीच पुढे जाते. मला 5 हव्या होत्या. म्हणजे नऊ नंबर. पण नंबर वाढला की चवड्याचा घेरही वाढतो, ब्रिटिश पद्धतीत ढोबळमानाने 6 मिमी, आणि रुंदी अक्षरांनी दाखवतात, त्यातलं एक अक्षर खाली आलं की घेर जवळपास तेवढाच कमी होतो. मग मी नऊ नंबर पण एक अक्षर अरुंद असा घेतला. घेर जुन्या आठ नंबरएवढाच, फक्त पुढे सरकलेला. जास्त अरुंद बूट घेतला आणि दाबायचं थांबलं, हे कोणाला सांगितलं तर वेडा समजतात. अंगठ्यापुढे थोडी जास्त जागा उरते, उरू दे, ती कोणाला टोचत नाही.

उलट केस जास्त अवघड. बोटं लांब असतील तर चवड्याप्रमाणे लहान नंबर घेता येत नाही, बोटं आपटतील. मोठा घेतला तर पाय बुटाच्या वाकायच्या जागेच्या मागे वाकणार आणि तिथे शँक असते, म्हणजे टाचेपासून चवड्याच्या जरा मागेपर्यंत जाणारी धातूची किंवा लाकडाची पट्टी, ती वाकत नाही. मग पट्टीचं टोक तळव्याला खालून लागतं आणि टाच वर निघते. अशांनी नंबर नाही, कलबूतच बदलायचं, दुसऱ्या मॉडेलचं बघायचं. आणि नाकाच्या आकारावर जाऊ नका, टोकदार किंवा चौकोनी नाक म्हणजे बहुतेक वेळा बोटांपुढची रिकामी जागा असते, चवडा कुठे आहे ते त्यावरून कळत नाही. म्हणूनच टोकदार बुटात अंगठा दाबून पुढे किती जागा आहे बघण्यात अर्थ नसतो.

मग बांधणीचा, म्हणजे सोल बुटाला कसा जोडलाय त्याचा, संबंध काय, तर ही चूक तुम्हाला किती महागात पडणार ते बांधणी ठरवते. साध्या बुटात सोल गमाने चिकटवलेला असतो. हलका, लवचिक, कुठेही वाकतो, त्यामुळे 4-5 मिमीची चूक बऱ्यापैकी पोटात घालतो. फक्त सोल झिजला की सहसा बूट संपला, आणि पॉलियुरेथेनचा सोल असेल तर न वापरता कपाटात काही वर्षं ठेवलेला बूटही लग्नाच्या दिवशी भुगा होऊन पडू शकतो, हवेतल्या ओलाव्याने ते प्लास्टिक आतून तुटत जातं.

दुसरी ब्लेक पद्धत, लायमन ब्लेकच्या 1858 च्या मशीनवरून. यात बुटाच्या आतून थेट सोलपर्यंत एकच शिवण जाते. सोल पातळ आणि कडेला कापलेला असतो, बूट नाजूक दिसतो आणि छान वाकतो, पण शिवणीच्या भोकांतून पावसाचं पाणी वर येऊ शकतं.

तिसरी गुडइयर वेल्ट, जिचं सगळ्यात जास्त कौतुक होतं. नाव आलं चार्ल्स गुडइयर ज्युनियरवरून, रबर पक्कं करणाऱ्या गुडइयरचा मुलगा. यात बुटाच्या कडेने चामड्याची एक पट्टी आतल्या तळाखालच्या उभ्या कडेला शिवतात आणि सोल त्या पट्टीला वेगळ्या शिवणीने. दोन शिवणी असल्याने बाहेरची उसवून सोल बदलता येतो, वरच्या भागाला हात न लावता. मध्ये जी पोकळी राहते तिच्यात बहुतेक वेळा कॉर्क भरतात. (ती उभी कड बहुतेक कारखान्यांत कापडी असते आणि गमानेच चिकटवलेली असते, हे कौतुक करणारे सांगत नाहीत.)

आता हा बूट सुरुवातीला जाड आणि कडक असतो, तो वाकणार तिथेच जिथे कलबुताने ठरवलंय. आणि कॉर्क पंधरा-वीस वेळा घातल्यावर दबून तुमच्या पायाचा ठसा घेतो. चवडा बरोबर बसला असेल तर याच्याइतकं सुख नाही, चुकीचा बसला असेल तर ठसा चुकीच्या जागी बसतो आणि सोल बदलून बूट दहा वर्षं टिकला तर दहा वर्षं चावतो. कॉर्क दबला की पाय किंचित खाली जातो, म्हणून नवीन ऑक्सफर्डची लेस आवळल्यावर दोन पाळ्यांमध्ये बोटभर व्हीसारखी फट राहिली पाहिजे. पहिल्याच दिवशी पाळ्या पूर्ण मिटल्या तर पुढे आवळायला काही उरत नाही. टाच सुरुवातीला थोडी हलली तर घाबरू नका, सोल वाकायला लागला की कमी होते, पण चिकटवलेल्या मऊ बुटात पहिल्या दिवशी हलली तर ती पुढेही हलणारच.

आणि खोटी वेल्टही असते बरं का. कडेला दोरा दिसतो पण तो नुसता शोभेचा. वरचे टाके आणि सोलखालचे टाके मोजून बघा, अंतर जुळत नसेल किंवा खाली दोऱ्याच्या जागी रबरातच टाक्यांचं डिझाइन असेल तर सोल चिकटवलेला आहे. खाली काहीच दिसत नसेल तर मात्र लगेच निकाल देऊ नका, चांगल्या बुटात शिवण सोलमध्ये चीर पाडून आत लपवतात.

दुकानात मी आता एवढंच करतो. बूट घालून टाच मागे ठोकतो, मग लेस बांधतो, आधी नाही. उभं राहून अंगठ्याच्या बुडाचं हाड बाहेरून चाचपतो आणि बुटाची आतली कड जिथून नाकाकडे वळायला लागते तिथेच ते लागतंय का बघतो. मग चवड्यावर उभा राहतो आणि चुणी कुठे पडते ते बघतो. नाकाच्या कडक भागाला चिकटून पडली तर बूट परत डब्यात. रुंदीला चामडं थोडं सैल होतं, लांबीला होत नाही, आणि चवडा तर अजिबात पुढेमागे सरकत नाही, त्यामुळे "घालून घालून बसेल साहेब" म्हटलं की मी विचारतो, काय बसेल, रुंदी की चवडा? अजून कोणी उत्तर दिलेलं नाही, पण एकाने नऊ नंबरचा अरुंद जोड शोधून आणला होता.