शाखेचा एनपीए एका महिन्यात अचानक का वाढतो : दुरुस्तीच्या ई-मेलमागची पार्श्वभूमी

महिनाअखेरचे आकडे बँकेच्या शाखेत पोहोचले की मुख्य कार्यालयाच्या माहिती विभागाला एक ई-मेल हमखास लिहावा लागतो. ‘मूळ नोंदीतील दुरुस्तीमुळे आपल्या शाखेची या महिन्याची थकीत कर्जाची टक्केवारी मागील महिन्याशी थेट तुलना करता येणार नाही.’ शाखाधिकाऱ्याला हे वाक्य बोचतं, कारण वसुलीचं उद्दिष्ट त्याच्या नावावर असतं आणि आकडा बदलणारा माणूस त्याला दिसत नाही. हा ई-मेल इतका अवघड का झाला हे समजायला गेल्या काही वर्षांतला बदल पाहावा लागतो.

थकीत कर्जाचे, म्हणजे एनपीएचे, निकष १९९२-९३ पासून लागू झाले. सुरुवातीला थकबाकीची मुदत चार तिमाहींची होती, ती टप्प्याटप्प्याने कमी होत ३१ मार्च २००४ पासून ९० दिवसांवर आली. खातेवहीच्या त्या काळात कोणतं खातं थकीत हे शाखाच ठरवायची, तक्ता भरून वर पाठवायची. आकडा बदलायचा तो वर्षअखेरच्या लेखापरीक्षणात, एमओसी म्हणजे बदलाच्या टिपणाने. लेखापरीक्षक खात्यागणिक फरक कागदावर मांडायचा आणि त्यावर शाखाधिकाऱ्याशी समोरासमोर बोलणं व्हायचं. पटो न पटो, कोणतं खातं का बदललं हे शाखेला माहीत असायचं.

सगळ्या शाखा जोडणारी सीबीएस ही संगणक प्रणाली आल्यानंतरही बऱ्याच ठिकाणी वर्गीकरणात माणसाचा हात राहिला. तो काढून घेण्याचा आदेश रिझर्व्ह बँकेने १४ सप्टेंबर २०२० रोजी दिला. वर्गीकरण, संभाव्य नुकसानीपोटीची तरतूद आणि उत्पन्नाची नोंद हे सगळं ३० जून २०२१ पर्यंत प्रणालीने आपोआप करायचं. अपवाद करायचाच असेल तर किमान दोन पातळ्यांची मंजुरी घ्यायची आणि त्याची नोंद ठेवायची. तेव्हापासून शाखेचा एनपीए हा शाखेने दिलेला आकडा राहिला नाही. खातं उघडताना भरलेला योजना संकेतांक, हप्त्याची तारीख आणि कर्जाचा उद्देश यांतून तो आपोआप तयार होतो. यातली एक नोंद चुकली तर प्रणाली रोज रात्री तीच चूक अचूकपणे मोजत राहते.

सगळ्यात जास्त गोंधळ शेतीकर्जात होतो. पीककर्जाला ९० दिवसांचा नियम नाही. ३० सप्टेंबर २००४ पासून कमी मुदतीच्या पिकाचं कर्ज दोन पीकहंगाम थकलं तर एनपीए होतं, आणि वर्षाहून जास्त काळ उभ्या राहणाऱ्या पिकाचं एक हंगाम थकलं तर. दुधाळ जनावरांचं कर्ज मात्र शेतीपूरक व्यवसायात मोडतं. कर्जदार शेतकरीच असतो, गोठा त्याच्याच रानात असतो, अग्रक्रम क्षेत्राच्या अहवालात दोन्ही कर्जं शेतीखालीच जातात. पण वर्गीकरणाला दूधधंद्याच्या कर्जाला ९० दिवसच. जुन्या प्रणालीतून नव्या प्रणालीत खाती नेताना हे बारकावे हरवतात आणि म्हशीचं कर्ज पीककर्जाच्या संकेतांकाखाली जाऊन बसतं. दूध संघाच्या बिलातून हप्ता कापला जातो तोवर कुणाला काही कळत नाही. बिल बंद पडलं की खातं थकतं, पण प्रणाली हंगाम मोजत बसते. ओळखण्याची खूण सोपी आहे : हप्ता मासिक आणि वर्गीकरण हंगामी, असं खातं दिसलं की संकेतांक तपासावा.

उदाहरणासाठी पश्चिम महाराष्ट्रातली एक शाखा घेऊ. एकूण कर्जं ६० कोटी. मे अखेर एनपीए १ कोटी ८० लाख, म्हणजे ३ टक्के. जून अखेर तो २ कोटी ५२ लाख झाला, ४.२ टक्के. दरम्यान जूनमध्ये दूधधंद्याच्या ४० खात्यांचे संकेतांक दुरुस्त झाले. त्यांतल्या १८ खात्यांचे हप्ते फेब्रुवारीच्या आधीपासून थकलेले होते. त्यांची बाकी ३६ लाख. पण वाढ तेवढ्यावर थांबत नाही, कारण एनपीए खात्यागणिक ठरत नाही, कर्जदारागणिक ठरतो. या १८ जणांची किसान क्रेडिट कार्डावरची पीककर्जंही त्यांच्याबरोबर गेली, आणखी ३० लाख. शाखाधिकाऱ्याचा पहिला फोन बहुधा याच ३० लाखांसाठी येतो : ‘पीककर्ज तर थकलेलंच नाही, मग ते यादीत कसं?’ ई-मेलमध्ये हे कारण स्वतंत्र ओळीत हवंच.

आता वादाचा मुद्दा. ही १८ खाती नियमाप्रमाणे मेमध्येच, किंबहुना त्याही आधी एनपीए होती. मग मेचा आकडा मागे जाऊन बदलायचा का? शाखांचं म्हणणं असतं की बदलावा, नाहीतर जूनमध्ये वसुली कोसळल्यासारखी दिसते. लेखा विभाग म्हणतो की बंद झालेला महिना उघडायचा नाही. शिवाय काही खात्यांची एनपीए तारीख ३१ मार्चच्या मागे गेली, तर लेखापरीक्षकाने सही केलेल्या ताळेबंदालाच हात लागतो. तो उघडत नाहीत. परिणाम चालू काळात घेतात आणि मागील काळाची बाब म्हणून वेगळा दाखवतात. मला लेखा विभागाची बाजू हिशेबापुरती बरोबर वाटते. पण शाखेच्या कामगिरीचा तक्ता म्हणजे ताळेबंद नव्हे. तिथे मेचा दुरुस्त आकडा शेजारी न दाखवणं हा शाखेवर उघड अन्याय आहे. एनपीएची तारीख मात्र दोन्ही बाजूंनी मागचीच धरली पाहिजे. ती जूनची टाकली तर बारा महिन्यांनी खातं ‘संशयित’ गटात जाण्याचा काळ चुकतो आणि तरतूद कमी पडते.

म्हणून अशा ई-मेलचा गाभा तीन आकड्यांचा असतो, दोनांचा नव्हे :

‘मे, कळवल्याप्रमाणे : १ कोटी ८० लाख (३.० टक्के). मे, दुरुस्तीनंतर : २ कोटी ४६ लाख (४.१ टक्के). जून : २ कोटी ५२ लाख (४.२ टक्के). जूनमध्ये नव्याने थकलेली खाती १० लाख, वसुलीमुळे घट ४ लाख; म्हणजे महिन्याची खरी वाढ ६ लाख.’

शाखाधिकाऱ्याने ज्याचं उत्तर द्यायचं ते हे ६ लाख. उरलेले ६६ लाख दुरुस्तीचे. नफ्यावरचा परिणाम मात्र शाखेच्याच खात्यात दिसतो : जमा धरलेलं पण न आलेलं व्याज उलटवलं जातं, आणि ही कर्जं तारणी व बारा महिन्यांच्या आतली असतील तर व्यापारी बँकेत १५ टक्क्यांनी ९ लाख ९० हजारांची तरतूद लागते.

शेवटचा भाग रिझर्व्ह बँकेच्या १२ नोव्हेंबर २०२१ च्या स्पष्टीकरणाचा. त्यात दिवस कसे मोजायचे ते उदाहरणासह सांगितलं आहे : ३१ मार्चला देय असलेली रक्कम आली नाही तर २९ जूनच्या दिवसअखेर प्रक्रियेत खातं एनपीए होतं. त्याआधी महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात एखादा हप्ता भरून घेऊन खातं नियमित करण्याची सवय अनेक शाखांना होती. ती वाट या स्पष्टीकरणाने बंद झाली. आता व्याज आणि मुद्दल यांची सगळी थकबाकी भरल्याशिवाय खातं परत नियमित होत नाही. त्यामुळे ई-मेलला जोडायच्या यादीत १८ कर्जदारांसमोर नुसती बाकी देऊन भागत नाही. प्रत्येकाची आजपर्यंतची पूर्ण थकबाकी, सगळ्या खात्यांची मिळून, द्यावी लागते; शाखाधिकारी ज्या रकमेसाठी गोठ्यापर्यंत जाणार आहे, ती रक्कम तीच.