शॉर्टकटच्या उल्लेखावरून लॅपटॉपची ऑपरेटिंग सिस्टिम ओळखणे

एखाद्याने लिहिताना किंवा बोलताना 'कंट्रोल सी' म्हटले की 'कमांड सी', एवढ्यावरून त्याच्या लॅपटॉपवर विंडोज, मॅकओएस, लिनक्स की क्रोमओएस आहे याचा अंदाज बांधण्याची ही पद्धत. हेल्पडेस्कवर आलेली तक्रार वाचताना, फोनवरून दुरुस्तीची माहिती देताना आणि सॉफ्टवेअरमधल्या दोषांच्या नोंदी लावताना तिचा रोज उपयोग होतो, कारण तक्रार करणारा आपली सिस्टिम कोणती हे बहुधा सांगतच नाही.

या पुराव्याच्या दोन बाजू सारख्या वजनाच्या नाहीत. कमांडचा उल्लेख जवळजवळ मॅककडेच नेतो. कंट्रोलच्या उल्लेखावरून मात्र 'हा मॅक नाही' असे म्हणता येत नाही, कारण मॅकच्या कळफलकावर दोन्ही कळा असतात आणि दोन्हींना वेगवेगळी कामे असतात. नवखा माणूस चुकतो तो इथेच.

दोन कळा कशासाठी

कंट्रोल ही कळ टेलिप्रिंटरच्या काळापासून चालत आली आहे. ती धरून अक्षर दाबले की त्या अक्षराऐवजी एक छोटा नियंत्रक आकडा पुढे जातो. आस्की संकेतात C चा क्रमांक 67 आहे, त्यातून 64 वजा होऊन 3 उरतो, आणि टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, हा 3 म्हणजे 'चालू काम थांबव'. याच हिशेबाने कंट्रोल एम म्हणजे 13, अर्थात रिटर्न.

कमांडचा या आकडेमोडीशी संबंध नाही. 1984 च्या पहिल्या मॅकिंटॉशच्या कळफलकावर कंट्रोल कळ नव्हतीच; मेनूतली कामे करण्यासाठी कमांड दिलेली होती. तिच्यावरचे ⌘ हे चिन्ह सुझन केअर यांनी चिन्हांच्या कोशातून निवडले. स्वीडनमध्ये ते प्रेक्षणीय स्थळाच्या पाटीवर दिसते, आणि युनिकोडमध्येही त्याचे नाव त्याच अर्थाचे आहे. पुढे मॅकवर कंट्रोल कळ आली तेव्हा कॉपी, पेस्ट, सेव्ह ही कामे आधीच कमांडकडे गेलेली होती. त्यामुळे मॅकवर कंट्रोल टर्मिनलसाठी मोकळी राहिली. विंडोज आणि लिनक्समध्ये मात्र एकाच कळीवर दोन्ही भार आले. म्हणून लिनक्सच्या टर्मिनलमध्ये कॉपी करायला `Ctrl+Shift+C` लागते, कारण साध्या `Ctrl+C` ने चालू काम बंद पडते. मॅकच्या टर्मिनलमध्ये ही अडचण नाही. तिथे कमांड सीने कॉपी होते आणि कंट्रोल सीने काम थांबते.

कळ नव्हे, परिणाम वाचावा

यातून कामाचा नियम निघतो. कोणती कळ दाबली एवढेच न पाहता ती दाबल्यावर काय झाले तेही पाहावे. 'कंट्रोल सीने मजकूर कॉपी केला' आणि 'कंट्रोल सीने सर्व्हर थांबवला' या दोन वाक्यांत कळ एकच आहे. पहिले वाक्य मॅकच्या विरुद्ध थोडेफार झुकते. दुसरे कोणत्याच बाजूला झुकत नाही, कारण विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हीकडे टर्मिनलमध्ये तसेच घडते.

समजा, एका प्रकल्पात पुढील नोंद आली आहे:

```
npm run dev चालू केलं, एरर आली. Ctrl+C करून थांबवलं,
Cmd+K ने स्क्रीन साफ केली, परत चालवलं, तरी तेच.
```

पहिल्या ओळीवर थांबणारा वाचक विंडोज किंवा लिनक्स धरून चालेल आणि उत्तरही तसेच देईल. पण तिथले `Ctrl+C` टर्मिनलमधले आहे, म्हणजे पुरावा म्हणून त्याचे मोल शून्य. खरी माहिती दुसऱ्या ओळीत आहे: कमांड के दाबून टर्मिनलची खिडकी साफ करणे ही मॅकवरची सवय आहे. स्क्रीन `Ctrl+L` ने साफ केली असती, तर मात्र काहीच ठरले नसते. ते मॅक आणि लिनक्स दोन्हींकडे चालते.

याच नोंदीत आणखी एक गोष्ट दडलेली आहे. लिहिणारा `ssh` ने दूरच्या लिनक्स सर्व्हरवर काम करत असेल तर? कंट्रोल सीचा 3 तारेवरून थेट त्या सर्व्हरपर्यंत जातो. कमांड के मात्र समोरचा टर्मिनल प्रोग्रॅमच गिळतो, पुढे काही पाठवत नाही. म्हणून कमांडचा उल्लेख हातातल्या लॅपटॉपबद्दल बोलतो. एरर ज्या यंत्रावर आली ते यंत्र वेगळे असू शकते, आणि तेवढे विचारूनच घ्यावे लागते.

मॅकवर कंट्रोल असणारी रोजची कामे बरीच आहेत. ब्राउझरमध्ये पुढच्या टॅबवर जायला कंट्रोल टॅब, राइट क्लिकऐवजी कंट्रोल धरून क्लिक, ओळीच्या सुरुवातीला आणि शेवटी जायला कंट्रोल ए आणि कंट्रोल ई, स्क्रीन लॉक करायला कंट्रोल, कमांड आणि क्यू. व्हीएस कोडमधले टर्मिनल मॅकवरही `` Ctrl+` `` नेच उघडते. एक्सेलची मॅक आवृत्ती तर कॉपी-पेस्टसाठी कमांडबरोबर कंट्रोलही चालवून घेते, त्यामुळे एक्सेलबद्दलच्या तक्रारीतल्या कंट्रोल सीवर अजिबात विसंबू नये.

उलट, काही जोड्या एकट्यानेच बरेच सांगून जातात. कंट्रोल, ऑल्ट, डिलीट किंवा ऑल्ट एफ4 आले की विंडोजची शक्यता मोठी. विंडोज आणि आर दाबून 'रन' उघडले, तर विंडोज नक्कीच. विंडोजच्या बटणाला कोणी 'सुपर' म्हणत असेल तर तो लिनक्सवाला. `Ctrl+Alt+T` ने टर्मिनल उघडणे हे उबुंटूचे लक्षण, पण क्रोमबुकवरही हीच जोडी क्रॉश नावाची खिडकी उघडते. म्हणजे इथेही काय उघडले हे विचारणे आलेच.

मराठी टायपिंगच्या तक्रारींत स्पेसबार हमखास येतो, कारण इंग्रजीतून देवनागरीत जायचे असते. विंडोजवर भाषा विंडोज आणि स्पेसने बदलते. मॅकवर मूळ मांडणीत ती कंट्रोल स्पेसने बदलते, कारण कमांड स्पेस मॅकवरच्या स्पॉटलाइट या शोधाच्या सोयीने घेतलेले आहे. तेव्हा 'कंट्रोल स्पेस दाबलं तरी मराठी येत नाही' हे वाक्य विंडोजपेक्षा मॅककडे जास्त झुकते, कंट्रोलचे नाव असूनही. अपवाद लिनक्सचा: तिथल्या काही जुन्या इनपुट पद्धतींतही कंट्रोल स्पेसच वापरत. विंडोजवरच्या वर्डमध्ये कंट्रोल स्पेसने निवडलेल्या अक्षरांचे फॉरमॅटिंग निघून जाते, त्यामुळे 'भाषा बदलली नाही, ठळक अक्षरं मात्र साधी झाली' असे कोणी म्हटले तर चित्र एकदम स्पष्ट होते.

फसवे उल्लेख

सर्वात जास्त फसवतो तो `cmd` हा शब्द. मॅकवाल्यांच्या लिखाणात तो कमांड कळीचे लघुरूप असतो. विंडोजवाल्यांच्या लिखाणात तो कमांड प्रॉम्प्ट नावाचा प्रोग्रॅम असतो. 'cmd उघडून ipconfig टाका' हे विंडोजचे वाक्य आहे आणि 'cmd धरून क्लिक करा' हे मॅकचे. शेजारचे क्रियापद पाहिले की गोंधळ मिटतो: कळ धरतात किंवा दाबतात, प्रोग्रॅम उघडतात.

मराठीत 'सरळ कंट्रोल सी, कंट्रोल व्ही मारलंय' याचा अर्थ नक्कल केली एवढाच होतो. तो वाक्प्रचार झाला आहे आणि मॅकवर काम करणारेही तो सर्रास वापरतात. एमएस-सीआयटीसारख्या अभ्यासक्रमांतून संगणक शिकलेल्या असंख्य लोकांच्या तोंडी विंडोजची नावे बसलेली आहेत. त्यांतले काही पुढे मॅकवर गेले, तरी बोट कमांडवर आणि तोंडात कंट्रोल असे चालू राहते. कुठून तरी उचललेल्या सूचनाही अशाच फसव्या. शॉर्टकट सांगणारा स्वतः केलेली कृती सांगतो आहे की ऐकीव, हे आधी बघावे.

विरामचिन्हावरूनही थोडा सुगावा लागतो. ॲपलच्या लिखाणात कळांमध्ये संयोगचिन्ह असते, जसे `Shift-Command-4`. मायक्रोसॉफ्टच्या लिखाणात अधिक चिन्ह, जसे `Ctrl+Shift+Esc`. ही केवळ लेखनशैली आहे, तिच्या एकटीच्या जोरावर काही ठरवू नये.

बाहेरून जोडलेला कळफलक असेल तर नावे आणि कामे यांची फारकत होते. विंडोजचा कळफलक मॅकला लावला की विंडोजचे बटण कमांडचे काम करते. त्यामुळे 'विंडोजचं बटण धरून सी दाबलं की कॉपी होतं' हे विचित्र वाक्य मॅकचाच भक्कम पुरावा आहे. विंडोजवर त्या जोडीने कॉपी होत नाही. ॲपलचा कळफलक विंडोजच्या यंत्राला लावला तर उलटे घडते, आणि कमांड एल दाबल्यावर स्क्रीन लॉक होते. मॅकवरून रिमोट डेस्कटॉपने ऑफिसच्या विंडोज यंत्रावर काम करणारा कंट्रोल, ऑल्ट, डिलीट हे अगदी खरेपणाने लिहील. शिवाय कमांड कळ आयपॅडच्या कळफलकावरही असते, म्हणजे समोर लॅपटॉप आहे हेही गृहीत धरता येत नाही.

आवृत्तीचा अंदाज

शॉर्टकटवरून कधीकधी आवृत्तीची खालची मर्यादा ठरते. शिफ्ट, कमांड आणि 5 ने स्क्रीनशॉटची पट्टी आली, तर 2018 मधला मोहावे किंवा त्यानंतरचा मॅकओएस आहे. विंडोज आणि व्हीने क्लिपबोर्डचा इतिहास उघडला, तर विंडोज 10 ची 1809 किंवा त्यापुढची आवृत्ती. शॉर्टकट चालला नाही, यावरून मात्र आवृत्ती जुनी ठरत नाही. ती सोय सेटिंगमध्ये बंदही असू शकते.

खात्री करून घेणे

फोनवर 'तुमची ऑपरेटिंग सिस्टिम कोणती?' या प्रश्नाला 'ऑफिस' किंवा 'क्रोम' असे उत्तर येणे नेहमीचे आहे. त्याऐवजी 'लॅपटॉपवर स्पेसबारच्या लगेच डावीकडे कोणतं बटण आहे?' असे विचारावे. मॅकबुकवर तिथे कमांड असते, विंडोजच्या लॅपटॉपवर आणि क्रोमबुकवर ऑल्ट. डाव्या खालच्या कोपऱ्यातले बटण विचारू नये, कारण तिथे काही विंडोज लॅपटॉपवर कंट्रोल असते, तर अनेक थिंकपॅडवर मॅकसारखेच एफएन.

उत्तर ऑल्ट आले आणि विंडोजचे बटणही असेल, तर विंडोज आणि आर दाबून `winver` टाइप करायला सांगावे. खिडकीत विंडोजची आवृत्ती दिसते. कमांड आले तर वरच्या डाव्या कोपऱ्यातल्या ॲपलच्या चिन्हाखाली `About This Mac` आहे. टर्मिनल उघडता येणाऱ्याला `uname` पुरते: मॅकवर `Darwin` छापले जाते, लिनक्सवर `Linux`. मात्र ही आज्ञा `ssh` ने जोडलेल्या खिडकीत दिली, तर उत्तर लॅपटॉपचे नव्हे, पलीकडच्या सर्व्हरचे येते. म्हणून नवी खिडकी उघडून त्यातच ती द्यायला सांगावी.